परिचालन जोखीम आणि हानी-वितरण पद्धती : वारंवारता व तीव्रता यांवरून वार्षिक हानीचा ९९.९ वा शततमक काढण्याची प्रक्रिया व तिच्या मर्यादा

प्रस्तावना

बँकेला होणारे नुकसान म्हटले की आपल्यासमोर प्रथम थकीत कर्ज येते. त्यानंतर रोख्यांच्या किंवा परकीय चलनाच्या भावातील चढउतार येतात. या दोन्हींपेक्षा वेगळ्या स्वरूपाची एक तिसरी हानी असते. रोखपालाने केलेला अपहार, बनावट धनादेश, संगणक प्रणाली बंद पडल्याने द्यावी लागलेली भरपाई, चुकीच्या खात्यात गेलेली रक्कम, शाखेला लागलेली आग, न्यायालयाने ठोठावलेला दंड, या सर्वांचा समावेश तिच्यात होतो. बाझल समितीने जून २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या व 'बाझल २' या नावाने परिचित असलेल्या आराखड्यात अशा जोखमीला 'ऑपरेशनल रिस्क' म्हणजे परिचालन जोखीम असे नाव देण्यात आले. अंतर्गत कार्यपद्धती, माणसे व यंत्रणा यांतील अपुरेपणा किंवा अपयश, अथवा बाह्य घटना यांमुळे होणाऱ्या हानीची जोखीम अशी तिची व्याख्या करण्यात आली. कायदेविषयक जोखीम तीत धरली गेली. धोरणात्मक जोखीम व प्रतिष्ठेची हानी मात्र वगळण्यात आली.

या जोखमीसाठी बँकेने किती भांडवल राखून ठेवावे, या प्रश्नाला त्या आराखड्याने तीन उत्तरे दिली होती. सर्वांत सोपे उत्तर मागील तीन वर्षांच्या सरासरी ढोबळ उत्पन्नाच्या १५ टक्के, असे होते. ते काढण्यास एक ओळ पुरते. पण काटेकोर कारभार करणारी बँक आणि ढिसाळ कारभार करणारी बँक यांचे उत्पन्न समान असेल तर त्यांचे भांडवलही समानच येते. सर्वांत प्रगत उत्तरात बँकेला स्वतःचे गणिती प्रतिमान वापरण्याची मुभा होती. त्यासाठीची एक प्रमुख अट अशी होती की, एका वर्षाच्या मुदतीत ९९.९ टक्के विश्वासपातळीवर होऊ शकणारी हानी त्या प्रतिमानाने दिली पाहिजे. या मुभेतून जी पद्धत सर्वाधिक प्रचलित झाली तिला हानी-वितरण पद्धती म्हणतात. वाणिज्य व सांख्यिकी या दोन्ही विषयांच्या अध्यापकांना ती अर्धी-अर्धी परिचित असते. ती पूर्ण कशी चालते, आणि तिच्यातून निघणारा आकडा कोणत्या ठिकाणी डळमळतो, हे एका उदाहरणाच्या आधारे मांडण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

पद्धतीचे मूळ व रचना

या पद्धतीचा जन्म बँकिंगमध्ये झालेला नाही. वर्षभरातील विमादाव्यांची संख्या आणि प्रत्येक दाव्याची रक्कम या दोन यादृच्छिक गोष्टी वेगळ्या धरून त्यांपासून एकूण दाव्यांचे वितरण मिळवावे, ही कल्पना स्वीडनचे फिलिप लुंडबर्ग यांच्या १९०३ सालच्या प्रबंधापासून विमागणितात रुजलेली आहे. क्रेदी लिओने या फ्रेंच बँकेतील फ्राशो, जॉर्ज व रोंकाली यांनी २००१ मध्ये लिहिलेल्या निबंधाने तीच कल्पना परिचालन जोखमीच्या संदर्भात व्यवस्थितपणे मांडली. थोडक्यात, बँकेने आपल्या चुकांकडे विमा कंपनी दाव्यांकडे पाहते त्या नजरेने पाहावे, असे या पद्धतीचे सांगणे आहे.

प्रथम हानीचे वर्गीकरण केले जाते. बाझल आराखड्यात व्यवसायाचे आठ विभाग आणि घटनांचे सात प्रकार धरलेले होते. म्हणजे छप्पन्न चौकटींचा एक तक्ता तयार होतो. 'किरकोळ बँकिंग' आणि 'बाह्य फसवणूक' यांच्या छेदावरील चौकट हे त्याचे एक उदाहरण होय. प्रत्येक चौकटीसाठी (व्यवहारात अनेक चौकटी एकत्र करूनच) दोन प्रश्न विचारले जातात. वर्षात अशा घटना किती घडतात? आणि घडलेली एक घटना केवढ्याला पडते? पहिल्याचे उत्तर वारंवारतेच्या वितरणाने द्यायचे, दुसऱ्याचे तीव्रतेच्या वितरणाने. वर्षातील घटनांची संख्या N आणि प्रत्येक घटनेची हानी X असेल तर वार्षिक हानी अशी लिहिता येते :

S = X₁ + X₂ + … + X_N

येथे दोन गृहीतके आहेत. एक, प्रत्येक X परस्परांपासून स्वतंत्र व एकाच वितरणातून आलेला आहे. दोन, घटना किती झाल्या यावरून त्या केवढ्या मोठ्या असतील हे कळत नाही. ही गृहीतके लिहिण्यास सोपी असली तरी ती नेहमीच खरी ठरतात असे नाही. त्याविषयी पुढे विवेचन येईल. वारंवारतेसाठी बहुधा प्वासाँ वितरण घेतात, कारण त्याला केवळ एकच प्राचल लागते, ते म्हणजे वर्षातील घटनांची सरासरी संख्या. तीव्रतेसाठी लॉगनॉर्मल, वायबुल, पॅरेटो यांसारखी उजव्या बाजूस लांब पुच्छ असलेली वितरणे निवडतात. हानीच्या रकमांचा लघुगणक घेतला असता तो प्रसामान्य वितरणासारखा दिसत असेल तर मूळ रकमा लॉगनॉर्मल आहेत असे म्हणतात.

S चे वितरण या दोहोंच्या संयोगातून येते. ते सूत्ररूपात क्वचितच मिळते. म्हणून एक तर हॅरी पँजर यांनी १९८१ मध्ये दिलेली पुनरावर्ती रीत वापरतात, किंवा संगणकाकडून काल्पनिक वर्षे तयार करून घेतात.

एक उदाहरण

एक काल्पनिक बँक घेऊ. तिच्या किरकोळ व्यवसायातील बाह्य फसवणुकीच्या चौकटीत वर्षाला सरासरी २० घटना घडतात. हानीचा मध्यक २ लाख रुपये आहे, म्हणजे निम्म्या घटना याहून लहान व निम्म्या याहून मोठ्या आहेत. हानीच्या नैसर्गिक लघुगणकाचे प्रमाण विचलन, ज्याला आपण सिग्मा म्हणू, २ आहे. हा आकडा परिचालन हानीच्या संदर्भात मुळीच अवाजवी नाही.

मध्यक २ लाख असला तरी सरासरी तेवढी नसते. लॉगनॉर्मल वितरणात सरासरी म्हणजे मध्यक गुणिले सिग्माच्या वर्गाच्या निम्म्याचा घातांक. येथे तो e चा वर्ग, म्हणजे सुमारे ७.३९ येतो. त्यामुळे एका घटनेची सरासरी हानी सुमारे १४.८ लाख रुपये आणि वर्षाची अपेक्षित हानी २० पट, म्हणजे सुमारे २.९६ कोटी रुपये होते. बहुतेक वर्षांत प्रत्यक्ष हानी याहूनही कमीच राहील, कारण सरासरी वर खेचणारी वर्षे थोडी असतात. आता प्रश्न असा की, हजारातील ९९९ वर्षांत जी ओलांडली जाणार नाही अशी वार्षिक हानी किती?

ज्यांना हे प्रत्यक्ष करून पाहायचे असेल त्यांना 'आर' या मुक्त संगणकप्रणालीत चार ओळी पुरतात. रकमा लाखांत धरल्या आहेत :

```r
set.seed(1)
n <- rpois(1e6, 20)
s <- sapply(n, function(k) sum(rlnorm(k, log(2), 2)))
quantile(s, 0.999)
```

दुसऱ्या ओळीत दहा लाख काल्पनिक वर्षांतील घटनांची संख्या ठरते. तिसऱ्या ओळीत प्रत्येक वर्षासाठी तेवढ्या हानी काढून त्यांची बेरीज होते. शेवटची ओळ ९९.९ वा शततमक देते. दहा लाख वर्षे का घेतली, असा प्रश्न येथे योग्यच ठरेल. दहा हजार वर्षे घेतली तर त्या शततमकाच्या वर अवघी दहा वर्षे उरतात, आणि केवळ संगणकीय नशिबामुळे उत्तरात सुमारे १५ टक्क्यांची प्रमाण त्रुटी राहते. दहा लाख वर्षे घेतल्यास ती सुमारे दीड टक्क्यावर येते.

तथापि उत्तर कोठून येते हे समजण्यास संगणकापेक्षा एक साधा विचार अधिक उपयोगी पडतो. हजार वर्षांत वर्षाला २० प्रमाणे २०,००० घटना घडतील. पुच्छ एवढे लांब असताना सर्वांत वाईट वर्ष हे पुष्कळ मध्यम घटना एकत्र आल्याने वाईट ठरत नाही. त्या वर्षी एकच प्रचंड घटना घडलेली असते. म्हणून हजार वर्षांतील वाईट वर्ष शोधणे म्हणजे जवळजवळ २०,००० घटनांतील सर्वांत मोठ्या घटनेची पातळी शोधणे होय. बोकर व क्लुपेलबर्ग यांनी २००५ मध्ये परिचालन जोखमीसाठी हेच सूत्ररूपात मांडले :

VaR ≈ F⁻¹(1 − 0.001/λ) + (λ − 1) × सरासरी हानी

यातील λ म्हणजे घटनांची वार्षिक सरासरी आणि F म्हणजे तीव्रतेचे वितरण. दुसरे पद नंतरची सुधारणा आहे. एक घटना प्रचंड असली तरी उरलेल्या घटनाही घडणारच, त्यांचा सामान्य खर्च ते जमेस धरते. आपल्या उदाहरणात ०.००१ भागिले २० म्हणजे ०.००००५. प्रसामान्य वितरणाच्या कोष्टकात ०.९९९९५ साठी ३.८९ हा आकडा मिळतो. त्याला सिग्माने गुणून घातांक घेतला व २ लाखांनी गुणले की सुमारे ४७.९ कोटी रुपये येतात. उरलेल्या १९ घटनांचे सुमारे २.८ कोटी मिळवले की उत्तर साधारण ५१ कोटी रुपये होते.

वर्षाची अपेक्षित हानी तीन कोटींपेक्षा कमी आणि राखायचे भांडवल ५१ कोटी, हे अंतर विद्यार्थ्यांना अविश्वसनीय वाटते. वर्गात हा भाग शिकवताना "मग आजवरची सर्वांत मोठी हानी घेऊन तिच्या दुप्पट रक्कम का ठेवू नये?" असा प्रश्न हमखास येतो. त्याचे उत्तर याच गणितात आहे. पाच वर्षांच्या नोंदी ठेवल्या तर या बँकेकडे सुमारे १०० घटना असतील. शंभर घटनांतील सर्वांत मोठी हानी साधारणपणे पावणेतीन कोटींच्या आसपास असेल. ४८ कोटींची घटना वीस हजारांत एक आहे. शंभर नोंदींत ती दिसण्याची अपेक्षा करता येत नाही.

मात्र हेच वाक्य उलट दिशेनेही वाचावे लागते. जी घटना नोंदींत नाहीच, तिच्या आकाराविषयी आपण एवढ्या आत्मविश्वासाने कसे बोलतो? पावणेतीन कोटींपासून ४८ कोटींपर्यंतचा संपूर्ण प्रवास निवडलेल्या वक्राच्या भरवशावर होतो. तेथे बँकेचा अनुभव संपलेला असतो आणि लॉगनॉर्मल या नावावरील विश्वास सुरू झालेला असतो.

आकडा कोठे डळमळतो

वरील सूत्रात वारंवारता व तीव्रता यांचे वजन अत्यंत विषम आहे. समजा, बँकेतील फसवणुकी दुप्पट झाल्या, वर्षाला २० ऐवजी ४० घटना घडू लागल्या. कोष्टकातील आकडा ३.८९ वरून ४.०६ वर जातो आणि उत्तर ५१ कोटींवरून सुमारे ७२ कोटींवर. म्हणजे घटना दुप्पट होऊन भांडवल सुमारे ४३ टक्क्यांनी वाढले. आता घटना २० च ठेवू व सिग्मा २ ऐवजी २.२ घेऊ. हा बदल केवळ दहा टक्क्यांचा आहे. पण उत्तर सुमारे १०९ कोटी येते, म्हणजे दुपटीहून अधिक. वारंवारतेसाठी प्वासाँ घ्यावे की ऋण द्विपद घ्यावे, याची चर्चा पुष्कळ बँकांच्या अहवालांतून आढळत असे. पुच्छ एवढे जड असताना ती चर्चा बहुतांशी गौण आहे. सूत्रात वारंवारतेची केवळ सरासरीच प्रवेश करते.

आता सिग्मा किती अचूक कळतो ते पाहू. n निरीक्षणांवरून काढलेल्या सिग्माची प्रमाण त्रुटी म्हणजे सिग्मा भागिले २n चे वर्गमूळ. शंभर निरीक्षणांसाठी ती २ भागिले २०० चे वर्गमूळ, म्हणजे सुमारे ०.१४ येते. त्यामुळे ९५ टक्के विश्वासमर्यादा १.७२ ते २.२८ अशी होते. पाच वर्षांचा प्रामाणिक विदा हाती असताना याहून अधिक नेमके काही सांगता येत नाही. या दोन टोकांना तेच सूत्र लावले, आणि मध्यक व वारंवारता अचूक ठाऊक आहेत असे उदारपणे मानले, तरी एका टोकाला सुमारे १८ कोटी व दुसऱ्या टोकाला सुमारे १४७ कोटी रुपये मिळतात. संचालक मंडळापुढे जाणाऱ्या अहवालात ५१ कोटी हा एकच आकडा असतो. त्याच्या शेजारी हे दोन आकडे लिहिलेले नसतील तर वाचणाऱ्याची दिशाभूल होते, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे.

येथे आणखी एक अडचण येते. शंभर निरीक्षणांना लॉगनॉर्मल चांगले बसते, तसेच पॅरेटो प्रकारचे वितरणही बसते, आणि प्रचलित सांख्यिकीय कसोट्या दोहोंपैकी कोणालाच नाकारीत नाहीत. पुच्छासाठी सामान्यीकृत पॅरेटो वितरण वापरल्यास त्याचे आकार-प्राचल कधीकधी एकाहून मोठे निघते. अशा वितरणाची सरासरीच अनंत असते. अशा बँकेला वर्षाची अपेक्षित हानी विचारली तर गणिताकडे उत्तर नसते; ९९.९ वा शततमक मात्र ते निमूटपणे देते, आणि तो कधीकधी बँकेच्या सर्व मालमत्तेहूनही मोठा असू शकतो. नेश्लेहोवा, एम्ब्रेख्त्स व शावेझ-डेमूलाँ यांनी २००६ मध्ये या अनंत सरासरीच्या प्रश्नावर स्वतंत्र निबंध लिहून धोक्याची सूचना दिली होती.

किमान नोंद-मर्यादेचा सापळा

व्यवहारात सर्वाधिक होणारी चूक यापेक्षा साधी आहे. कोणतीही बँक शंभर रुपयांची चूक हानी म्हणून नोंदवत नाही. एक किमान मर्यादा ठरलेली असते व तिच्याखालील घटना नोंदवहीत येतच नाहीत. आपल्या उदाहरणातील बँकेने ही मर्यादा एक लाख रुपये ठेवली आहे असे समजू. खऱ्या वितरणानुसार सुमारे ३६ टक्के घटना एक लाखाहून लहान आहेत. म्हणून नोंदींत वर्षाला २० ऐवजी सुमारे १२.७ घटनाच दिसतील.

नवशिक्या विश्लेषकाने या नोंदी जशाच्या तशा घेऊन त्यांना लॉगनॉर्मल बसवले तर काय होते? डावी बाजू कापली गेल्याने मध्यक वर सरकतो. तो २ लाखांऐवजी सुमारे साडेसहा लाख निघतो. विश्लेषकाला वाटते की आपण जोखीम जास्तच धरली आहे. पण त्याच वेळी विखुरणी आकसते. सिग्मा २ ऐवजी सुमारे १.३४ निघतो. आणि वर पाहिल्याप्रमाणे उत्तरावर सत्ता सिग्माची असते. या आकड्यांवरून काढलेला ९९.९ वा शततमक सुमारे १२ कोटी रुपये येतो. खरे उत्तर ५१ कोटी होते. एकही नोंद खोटी नाही, एकही गणिती क्रिया चुकलेली नाही, तरी भांडवल एक चतुर्थांशाहून कमी झाले.

ही चूक ओळखण्याची खूण सोपी आहे. बसवलेल्या वितरणाला विचारावे की, तुझ्या मते एक लाखाहून लहान हानी किती टक्के असाव्यात? वरील चुकीच्या वितरणाचे उत्तर सुमारे ८ टक्के येते, आणि नोंदींत तर अशी एकही घटना नाही. शततमक-आलेख काढल्यासही उजव्या टोकाचे बिंदू वक्राच्या वर निसटताना दिसतात. उपायही ज्ञात आहे. संभाव्यता-फलनात 'हानी मर्यादेहून मोठी आहे' ही अट घालून प्राचले काढावीत, आणि नंतर वारंवारता मर्यादेवरील घटनांच्या प्रमाणाने भागून मूळ संख्येवर आणावी. मात्र कापलेल्या नोंदींवरून अखंड वितरण उभारताना प्राचलांची अनिश्चितता आणखी वाढते, ही किंमत मोजावीच लागते. आयते प्राचल-मापन करणाऱ्या संगणकप्रणाल्या ही अट आपणहून घालत नाहीत, हे येथे नमूद करणे आवश्यक वाटते.

एक घटना म्हणजे काय?

सूत्रातील N मोजण्यासाठी 'घटना' या शब्दाचा अर्थ आधी ठरवावा लागतो, आणि तो ठरवणे हे गणिताचे काम नव्हे. मुंबईतील एका शाखेचे उदाहरण या दृष्टीने बोधक आहे. पंजाब नॅशनल बँकेने १४ फेब्रुवारी २०१८ रोजी शेअर बाजारांना कळविले की, मुंबईतील एका शाखेत सुमारे १७७ कोटी अमेरिकी डॉलरचे, म्हणजे तेव्हाच्या दराने ११,४०० कोटी रुपयांच्या आसपासचे, अनधिकृत व्यवहार आढळून आले आहेत. पुढे हा आकडा आणखी वाढला. ब्रेडी हाऊस येथील या शाखेतून हमीपत्रे विनाअधिकार दिली जात होती. त्यांचे संदेश 'स्विफ्ट' यंत्रणेतून परदेशातील बँक-शाखांकडे जात, परंतु ती यंत्रणा बँकेच्या मुख्य संगणक प्रणालीशी जोडलेली नसल्याने हमीपत्रांची नोंद तेथे होत नसे. हा प्रकार कित्येक वर्षे चालू होता. जुनी देणी नव्या हमीपत्रांतून भागविली जात असल्याने तो उघडकीस आला नाही.

आता या प्रकरणाची नोंद कशी करावी? हमीपत्रे पुष्कळ, म्हणजे घटना पुष्कळ? की मूळ कारण एक, म्हणून घटना एक? बाझल आराखड्याचा कल समान कारणातून उद्भवलेल्या हानी एकत्र धरण्याकडे आहे आणि तर्कदृष्ट्याही तेच योग्य होय. कारण हमीपत्रे वेगवेगळी धरली तर ती परस्परांपासून स्वतंत्र आहेत, हे पद्धतीचे पहिलेच गृहीतक मोडते. आपल्या काल्पनिक बँकेत ५० कोटींची अशीच एक फसवणूक पन्नास-पन्नास लाखांच्या शंभर पत्रांतून झाली, व पाच वर्षांच्या नोंदींत ती शंभर घटना म्हणून लिहिली, असे समजू. प्रतिमान असे समजेल की या बँकेत दरवर्षी सुमारे वीस निरनिराळी माणसे, एकमेकांना न ओळखता, पन्नास-पन्नास लाखांना फसवीत आहेत. मग मध्यक, सिग्मा व वारंवारता ही तिन्ही प्राचले अशा वास्तवाचे वर्णन करू लागतात जे अस्तित्वातच नाही. एक कर्मचारी आणि दोन न जोडलेल्या यंत्रणा, ही खरी कथा त्या आकड्यांत कोठेच उरत नाही.

ती एकच घटना म्हणून लिहिली तर? शंभर नोंदींत ५० कोटींची एक भर घालून पुन्हा मापन केले असता मध्यक २ लाखांवरून सुमारे २.१६ लाख होतो, सिग्मा २ वरून सुमारे २.१४ आणि भांडवल ५१ कोटींवरून सुमारे ९२ कोटी. एका नोंदीने भांडवल जवळजवळ दुप्पट केले. मात्र ही घटना घडण्याच्या आदल्या दिवशीही ती दोन यंत्रणांमधील फट तेथेच होती. जोखीम त्या दिवशी वाढली नाही, आपल्याला ती त्या दिवशी कळली. तारखेचा प्रश्नही असाच बिकट आहे. हानी सुरू झाली ते वर्ष धरावे, उघड झाली ते वर्ष धरावे की हिशोबात घेतली ते? तिन्ही तारखांत कित्येक वर्षांचे अंतर असू शकते, आणि पाच वर्षांच्या खिडकीत घटना मोडते की नाही हे त्यावर ठरते.

स्वतःच्या नोंदी अपुऱ्या असल्याने बँका इतरांच्या नोंदींचा आधार घेतात. त्यासाठी २००२ मध्ये 'ओआरएक्स' नावाची बँकांची संघटना स्थापन झाली. सदस्य बँका आपल्या हानी नाव उघड न करता तेथे देतात. तज्ज्ञांना विचारून काल्पनिक प्रसंगांची हानी अंदाजणे हा दुसरा मार्ग. दोहोंतही सिग्मा बाहेरून येतो व बँकेच्या स्वतःच्या अनुभवाचे वजन घटते. एखाद्या जागतिक बँकेची हानी जिल्हा पातळीवरील बँकेच्या मापात कशी आणावी, याचे सर्वमान्य उत्तर उपलब्ध नाही.

चौकटींची बेरीज

प्रत्येक चौकटीचा शततमक काढल्यावर त्यांची बेरीज करणे म्हणजे सर्व चौकटींत हजार वर्षांतील वाईट वर्ष एकाच वेळी येते असे मानणे होय. बाझल २ मध्ये, परस्परसंबंधांचे मापन समाधानकारक असल्याचे बँक सिद्ध करीत नसेल तर, अशीच बेरीज अपेक्षित होती. संबंध दुबळे असल्याचे दाखवता आल्यास भांडवल बरेच घटते, म्हणून या विषयावर बँकांनी मोठे परिश्रम घेतले. परंतु वर्षाला एकच बेरीज मिळत असताना पाच-दहा बिंदूंवरून काढलेला सहसंबंध गुणांक कितपत विश्वसनीय मानावा, हे सांख्यिकीच्या अध्यापकांना वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

नियामकांचा निर्णय व पद्धतीचे आजचे स्थान

समान व्यवसाय असलेल्या दोन बँका अगदी भिन्न भांडवल दाखवू लागल्या आणि फरक जोखमीचा की प्रतिमानाचा हे नियामकांना सांगता येईना. बाझल समितीने मार्च २०१६ मध्ये अंतर्गत प्रतिमानांची मुभा काढून घेण्याचा प्रस्ताव मांडला व डिसेंबर २०१७ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले. नव्या प्रमाणित पद्धतीत उत्पन्न व खर्च यांवर आधारित एक व्यवसाय-निर्देशक घेतला जातो, आणि मागील दहा वर्षांच्या सरासरी वार्षिक हानीच्या १५ पट हा घटक त्याला वरखाली करतो. भारतीय रिझर्व्ह बँकेनेही जून २०२३ मध्ये या पद्धतीवर आधारित निर्देश जारी केले.

नव्या सूत्रात सरासरी हानी येते, शततमक येत नाही. आपल्या उदाहरणात अपेक्षित हानी २.९६ कोटी, तिच्या १५ पट म्हणजे सुमारे ४४ कोटी. हा आकडा ५१ कोटींच्या जवळ दिसतो, पण त्या जवळिकीला अर्थ देऊ नये. सिग्मा २.२ असता अपेक्षित हानी सुमारे साडेचार कोटी होते व १५ पट केल्यास सुमारे ६७ कोटी येतात, तर शततमक १०९ कोटींवर जातो. स्थिर गुणक पुच्छाची लांबी पाहू शकत नाही. त्याच्या बदल्यात तो दहा वर्षांच्या ताळेबंदांवरून कोणालाही पडताळता येतो.

हानी-वितरण पद्धती यामुळे वापरातून गेली असे नाही. नियामकाला द्यायच्या किमान भांडवलाच्या आकड्यापुरते तिचे स्थान संपले. आपल्या भांडवलाची पुरेशी तजवीज आहे का हे बँकेने स्वतः तपासताना, विम्याची मर्यादा ठरवताना आणि विमा कंपन्यांच्या नेहमीच्या कामात ती चालूच आहे. तेथे तिला विचारला जाणारा प्रश्नही बदललेला दिसतो. ५१ कोटी की ७२ कोटी, यापेक्षा स्विफ्ट आणि मुख्य प्रणाली जोडली तर तीव्रतेच्या वितरणाचे पुच्छ किती आखूड होईल, आणि ते सिग्मात किती उतरेल, असे विचारले तर तीच चार ओळींची आज्ञावली दोन वेळा चालवून उत्तरांतील फरक पाहता येतो. दोन्ही वेळा वक्राची निवड तीच राहिल्याने तिच्यातील चूक त्या फरकात अंशतः कटून जाते; एकट्या आकड्याला मात्र ही सवलत मिळत नाही.